शब्दाविना आलेला फळ्याचा फोटो: चौकटी आणि बाणांतून प्रवाह पुन्हा उभा करताना

बैठक संपते, कोणीतरी मोबाइल काढून व्हाइटबोर्डचा फोटो घेतो आणि तो एका ओळीच्याही खुलाशाविना पाठवून देतो. पाठवणाऱ्याला वाटते की सगळे काही चित्रात आहे. ज्याला त्या चित्रावरून काम उभे करायचे आहे, त्याला मात्र त्यात चौकटी दिसतात, बाण दिसतात, आणि काही ठिकाणी असे काहीतरी दिसते जे बाणही असू शकते आणि काल पुसलेल्या फळ्यावर राहिलेला डागही. अशा फोटोवरून प्रवाह पुन्हा कसा काढावा आणि ज्या जोडण्या खात्रीने वाचता येत नाहीत त्या कशा दाखवाव्यात, हे या लेखात एका उदाहरणाच्या आधारे सांगितले आहे. उदाहरण एका प्राथमिक दूध संस्थेचे आहे. संस्थेला दूध संकलनापासून उत्पादकाच्या बिलापर्यंतची संगणक प्रणाली हवी होती आणि सचिवांनी कामकाज समजावे म्हणून फळ्याचा एक फोटो व्हॉट्सॲपवर टाकला होता. त्यासोबत एक शब्दही नव्हता.

चित्र वाचताना होणारी सर्वांत महाग चूक न दिसणाऱ्या बाणामुळे होत नाही. ती अर्धवट दिसणारा बाण आपल्या माहितीने पुरा केल्यामुळे होते. ज्याला त्या व्यवसायाची थोडी माहिती असते, तो हे अधिक सहजपणे करतो, कारण त्याला तुटलेली रेघ कुठे जायला हवी हे आधीच ठाऊक असते. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच गोष्टीभोवती आहे: डोळ्यांनी काय वाचले आणि डोक्याने काय भरले, हे शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे.

पहिले काम: फळा वाचवणे

फोटो उघडून त्यावर विचार सुरू करण्यापूर्वी एक निरोप पाठवावा, कारण फळा संध्याकाळपर्यंत पुसला जाण्याची शक्यता मोठी असते आणि एकदा पुसला की पुढचे सगळे अंदाजावर येते. निरोप छोटा आणि ताबडतोब करता येईल असा असावा: “नमस्कार साहेब, फोटो मिळाला. फळा अजून पुसला नसेल तर कृपया तसाच ठेवा आणि समोरची ट्यूबलाइट बंद करून, थोडे बाजूला उभे राहून आणखी एक फोटो घ्या. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.”

यातील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकाराने लहान केले जाते आणि पुन्हा कॉम्प्रेस केले जाते. चौकटींच्या जाड कडा त्यातून निभावतात, पण बाणाच्या टोकाच्या दोन बारीक रेघा मूळ रेघेत मिसळून जातात आणि बाणाची साधी रेघ होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर फाइल जशीच्या तशी येते. बाजूला उभे राहण्याचे कारणही साधे आहे: चकाकी कॅमेऱ्याच्या जागेनुसार सरकते, त्यामुळे दुसऱ्या जागेवरून घेतलेला फोटो सरळ नसला तरी पहिल्या फोटोत पांढरा पडलेला भाग त्यात दिसतो. दोन वाकडे फोटो एका सरळ फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आपल्या उदाहरणात फळा तोपर्यंत पुसला गेला होता. म्हणजे हातात एकच फोटो, तोही कॉम्प्रेस झालेला, आणि वरच्या बाजूला ट्यूबलाइटचा तिरका पांढरा पट्टा.

चित्र साफ करणे, पण मूळ जवळ ठेवून

मूळ फाइल वेगळ्या नावाने बाजूला ठेवावी आणि तिला हात लावू नये. प्रत घेऊन तिचा तिरकेपणा कोणत्याही स्कॅनर ॲपमध्ये चार कोपरे ओढून काढता येतो. फळ्याची करडी पार्श्वभूमी काढून मार्करच्या रेघा उठावदार करण्यासाठी ImageMagick असेल तर पुढील आज्ञा चांगले काम देते:

```
magick phala.jpg -morphology Convolve DoG:15,100,0 -negate \
  -normalize -blur 0x1 -channel RGB -level 60%,91%,0.1 saaf.png
```

ही आज्ञा आसपासच्या उजेडाच्या तुलनेत गडद असलेले तेवढे ठेवते, म्हणून एका बाजूला सावली आणि दुसऱ्या बाजूला उजेड असलेला फळाही सपाट पांढरा होतो. मात्र तिचे दोन दोष माहीत असले पाहिजेत. सुकत आलेल्या मार्करची फिकट रेघ ती पार्श्वभूमी समजून पुसून टाकू शकते. शिवाय जिथे चकाकीचा पट्टा संपतो तिथली उजेड-अंधाराची कड ती रेघेसारखी उमटवू शकते, आणि ही कड नेमकी एखाद्या खऱ्या रेघेच्या वाटेवर आली की ती जोडणी “वाचल्यासारखी” वाटते. म्हणून साफ केलेल्या चित्रावर दिसलेली प्रत्येक शंकास्पद रेघ मूळ फोटोत त्याच जागी मोठी करून पाहावी. मूळ फोटोत जे दिसत नाही ते दिसले असे लिहू नये. स्कॅनर ॲपमधल्या फळ्यासाठीच्या खास सुविधेलाही हाच नियम लागू आहे, किंबहुना जास्तच, कारण तिथे नेमके काय पुसले गेले हे आपल्याला कळतही नाही.

आधी फक्त चौकटी

बाणांकडे पाहण्याचा मोह टाळून आधी चौकटींची यादी करावी. प्रत्येक चौकटीला क्रमांक द्यावा आणि तिच्यातील मजकूर जसा आहे तसा उतरवावा. न वाचलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवावे, संक्षेप पूर्ण करू नये आणि शुद्धलेखनही सुधारू नये. हे कंटाळवाणे वाटते, पण यादी झाल्यावरच कळते की आपण काय वाचले नाही.

दूध संस्थेच्या फळ्यावर खालच्या रांगेत सहा चौकटी होत्या: १ शेतकरी, २ वजन, ३ फॅट/एसएनएफ, ४ कूलर, ५ टँकर, आणि फोटोच्या उजव्या कडेला कापली गेलेली ६ “प्लँ.”. तिसरी चौकट दुधाच्या तपासणीची: फॅट म्हणजे स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक. वरच्या रांगेत ७ दर, ८ पावती, ९ “बिल १० दि” आणि ११ बँक या चौकटी होत्या. बिलाच्या खाली, दोन रांगांच्या मध्ये, १० कपात ही चौकट होती. कडेला कापल्या गेलेल्या सहाव्या चौकटीवर तेव्हाच खूण केली, कारण तिच्या पलीकडे आणखी काही असेल तर ते फोटोत येणे शक्यच नव्हते. अशा चौकटीतून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांची संख्या कधीही पूर्ण धरू नये.

रेघा: दोन्ही टोकांकडून

आता प्रत्येक रेघ घ्यावी आणि तिला एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत, मग उलट बाजूने, असे दोनदा वाचावे. एकाच बाजूने वाचताना डोळा रेघेच्या पुढे धावतो आणि जवळच्या चौकटीवर जाऊन बसतो. उलट बाजूने आल्यावर पुष्कळदा लक्षात येते की रेघ त्या चौकटीला टेकतच नाही, तिच्या कोपऱ्याजवळून जाते. पडद्यावर हे करताना बाकीचे चित्र झाकून फक्त रेघेचा पट्टा उघडा ठेवला, तर बरीच मदत होते.

जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात, तिथे छेदापूर्वीची दिशा छेदानंतर तशीच पुढे जाते का ते पाहावे. हाताने काढलेली रेघ छेदावर सहसा काटकोनात वळत नाही, म्हणून सरळ पुढे जाणारा अर्थ आधी घ्यावा. रंग वेगळे असतील तर प्रश्नच मिटतो. आपल्या फळ्यावर फॅटच्या चौकटीतून शेतकऱ्याकडे परत जाणारी काळी रेघ आणि वजनाकडून दराकडे जाणारी निळी रेघ एकमेकींना छेदत होत्या, पण रंगांमुळे त्या वाचायला अडचण आली नाही. काळ्या रेघेवर “परत” असे स्पष्ट लिहिले होते.

रंगांतून आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्या काळ्या रेघा अशा चौकटींना जोडत होत्या जिथे दूध प्रत्यक्ष जाते: शेतकरी, वजन, तपासणी, कूलर, टँकर, प्लँट. निळ्या रेघा जिथे फक्त आकडा किंवा कागद जातो तिथे होत्या. हे कुठे लिहिलेले नव्हते. म्हणून ते नियम म्हणून न घेता अनुमान म्हणून वहीत वेगळे लिहिले: “काळा म्हणजे दूध, निळा म्हणजे हिशेब, असे दिसते. विचारायचे आहे.” असे अनुमान पुढे अनेक जोडण्यांच्या वाचनाला आधार देते. ते चुकले तर त्यावर टेकलेल्या सगळ्या जोडण्या पुन्हा तपासाव्या लागतात, म्हणून त्याची नोंद वेगळी असणे आवश्यक आहे.

बाणाच्या टोकाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. टोक म्हणजे रेघेच्या शेवटी मिळणाऱ्या दोन छोट्या तिरक्या रेघा. त्यांतली एकच दिसत असेल आणि ती रेघेच्या शेवटीच असेल, तर टोक बहुधा आहे. काहीच दिसत नसेल, तर टोक नाही असे समजू नये. टोक दिसत नाही, एवढेच लिहावे. काही जण रेघ सुरू होते तिथे मार्कर टेकल्याचा जाड ठिपका आणि उचलला तिथे बारीक होत गेलेली शेपटी पाहून दिशा ठरवतात. हा पुरावा दुबळा आहे, कारण माणसे बाण उलट दिशेनेही काढतात आणि टोक नंतर जोडतात.

उरला पुसट रेघांचा प्रश्न. डस्टरने पुसूनही जुन्या आकृतीच्या खुणा राहतात आणि फोटोत त्या फिकट रेघांसारख्या येतात. सुकलेल्या मार्करची फिकट रेघ आणि पुसलेल्या रेघेची खूण यांत फरक असा की पुसलेली खूण कडांना पसरट असते आणि ती सध्याच्या आकृतीची पर्वा करत नाही: ती चौकटीच्या कडेवर थांबत नाही, आतून आरपार जाते, आणि तिच्यावरून नवी रेघ गडदपणे गेलेली दिसते. खरा बाण चौकटीच्या कडेला येऊन थांबतो.

शंका कशाबद्दल आहे ते नेमके लिहा

जोडणीपुढे नुसते प्रश्नचिन्ह टाकून भागत नाही, कारण शंका चार वेगवेगळ्या गोष्टींबद्दल असू शकते: रेघ मुळात आहे का, ती कोणत्या चौकटीपर्यंत जाते, तिची दिशा कोणती, आणि तिच्यावर काय लिहिले आहे. दिशेबद्दल शंका असलेली रेघ तिच्या दोन्ही टोकांबद्दल पक्की असू शकते, आणि हे वेगळे लिहिले तर पुढे विचारायचा प्रश्न आपोआप छोटा होतो. खात्रीच्या तीन पायऱ्या पुरतात: पक्की, बहुधा, आणि वाचता येत नाही. टक्केवारी देऊ नये, कारण ७० टक्के आणि ८० टक्के यांतला फरक आपल्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

आपल्या उदाहरणातील तक्त्याचा शंकेचा भाग असा होता:

| क्र. | कुठून | कुठे | खात्री | शंका |
|---|---|---|---|---|
| प्र१ | ६ प्लँट | ? | वाचता येत नाही | शेवट चकाकीत. मजकूर “दर फ…” |
| प्र२ | १० कपात | ९ बिल | टोके पक्की | दिशा दिसत नाही |
| प्र३ | ५ टँकर | ६ प्लँट | बहुधा | टोक फोटोच्या कडेला कापलेले |

बाकीच्या जोडण्या पक्क्या होत्या: शेतकऱ्याकडून वजन, तिथून तपासणी, तिथून कूलर आणि टँकर, तपासणीकडून “परत” शेतकऱ्याकडे, वजन आणि तपासणी या दोन्हींकडून दर, दरातून पावती, पावतीतून बिल, बिलातून बँक.

प्र१ ही जोडणी नीट पाहण्यासारखी आहे. प्लँटमधून निघालेली निळी रेघ बँकेच्या चौकटीवरून डावीकडे जात होती आणि बिलाच्या वर चकाकीच्या पट्ट्यात शिरत होती. पट्ट्याच्या अलीकडे तिच्याखाली “दर फ” एवढे वाचता येत होते. पट्ट्याच्या पलीकडे, दराच्या चौकटीजवळ, एक फिकट रेघ होती. दूध व्यवसायाची माहिती असलेल्याच्या मनात इथे लगेच एक वाक्य तयार होते: प्लँटवर टँकरच्या दुधाची पुन्हा तपासणी होते, तिथला फॅटचा आकडा परत येतो आणि त्यावर दर ठरतो, म्हणजे मजकूर “दर फॅट” असणार आणि रेघ दराकडे जाणार. फिकट रेघही त्याच बाजूला होती. सगळे जुळते.

जुळते म्हणूनच इथे थांबायचे. मूळ फोटो मोठा करून पाहिल्यावर ती फिकट रेघ दराच्या चौकटीच्या कडेला न थांबता आत शिरलेली दिसली आणि चौकटीची कड तिच्यावरून गडदपणे गेलेली होती. म्हणजे ती बहुधा जुन्या आकृतीची खूण होती. ती बाजूला काढली की रेघ चकाकीत शिरते आणि पुढे तिचे काय होते ते दिसत नाही, एवढेच शिल्लक राहते. ती तिथेच खाली वळून बिलात गेली असणेही तितकेच शक्य होते.

आकृती काढताना

नवी आकृती Graphviz मध्ये काढली तर जोडण्यांची यादीच आकृती बनते, आणि दुरुस्ती एका ओळीत होते. इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली: शंका दाखवायला तुटक रेघ वापरू नये. फळ्यांवर तुटक रेघ बऱ्याचदा आधीच कशासाठी तरी वापरलेली असते आणि वाचणारा गोंधळतो. शंकेसाठी लाल रंग आणि प्रश्नाचा क्रमांक ठेवावा. क्रमांक असला की काळ्या-पांढऱ्या छपाईतही खूण राहते. दुसरी: ज्या रेघेचा शेवट वाचता येत नाही, तिला कोणत्याही खऱ्या चौकटीला जोडू नये, अगदी लाल रंगातही नाही. बैठकीत आकृती दाखवली की लोकांना रेघ कुठे जाते ते लक्षात राहते, तिचा रंग राहत नाही. तिचा शेवट एका मोकळ्या प्रश्नचिन्हाकडे न्यावा.

```
digraph dudh {
  rankdir=LR
  node [shape=box, fontname="Noto Sans Devanagari"]
  edge [fontname="Noto Sans Devanagari"]
  n5 [label="५ टँकर"]
  n6 [label="६ प्लँ."]
  n8 [label="८ पावती"]
  n9 [label="९ बिल १० दि"]
  n10 [label="१० कपात"]
  u1 [shape=plaintext, label="?"]
  n8 -> n9
  n5 -> n6  [color=red, label="प्र३"]
  n6 -> u1  [color=red, dir=none, label="प्र१: दर फ…"]
  n10 -> n9 [color=red, dir=none, label="प्र२"]
}
```

`dir=none` लिहिले की बाणाचे टोक जाते, म्हणून दिशा माहीत नसल्याचे आकृतीतच दिसते. प्र३ ला मात्र टोक ठेवले आहे, कारण तिथे वाचन “बहुधा” या पायरीचे आहे. फाइल युटीएफ-८ मध्ये साठवून `dot -Tsvg dudh.dot -o dudh.svg` ही आज्ञा दिली की चित्र तयार होते आणि ब्राउझरमध्ये मराठी जोडाक्षरेही नीट दिसतात.

एक कॅन दूध चालवून पाहणे

आकृती झाल्यावर तिच्यातून एखादी खरी गोष्ट नेऊन पाहावी. इथे सकाळच्या संकलनाला आलेला गाईच्या दुधाचा एक कॅन घेऊ. त्याचे वजन होते, नमुना घेऊन फॅट आणि एसएनएफ मोजले जातात, समजा ३.५ आणि ८.५ आले, त्यावरून दरपत्रकातला दर लागतो, पावती मिळते आणि दूध कूलरमध्ये जाते. हा मार्ग आकृतीवर बिनधोक पूर्ण होतो. आता खराब दुधाचा कॅन घेऊ. त्याचेही आधी वजन होते, मग तपासणीत ते नापास होते आणि “परत” या बाणाने शेतकऱ्याकडे जाते. पण वजनाकडून दराकडे जाणारी निळी रेघ सर्वच दुधासाठी आहे. मग परत गेलेल्या दुधाचे नोंदलेले वजन रद्द कुठे होते?

याचे उत्तर फळ्यावर नव्हते आणि न वाचलेल्या कोणत्याही रेघेत ते दडलेले नव्हते. अशी गोष्ट शंकेच्या यादीत घालू नये. “फळ्यावर नसलेले” अशी तिची वेगळी यादी करावी. दोन्ही याद्या एकत्र केल्या की समोरच्या माणसाला वाटते, आपले अक्षर वाईट आहे एवढीच तक्रार आहे, आणि खरा सुटलेला मुद्दा त्यात बुडतो.

या तर्काच्या फेरीची एक मर्यादा पाळावी लागते. तर्काने प्रश्न उभा करता येतो, खात्रीची पायरी चढवता येत नाही. “असे नसेल तर पद्धत चालणारच नाही” म्हणून न दिसणारा बाण पक्का होत नाही. पुष्कळ पद्धती कोणाच्या तरी रोजच्या फोनवर किंवा वहीवर चालत असतात आणि ती वही फळ्यावर काढलेली नसते. तर्काचा उपयोग प्रश्नांचा क्रम लावायला होतो. प्र१ दराकडे जात असेल तर सकाळी दिलेल्या पावतीवरचा दर तात्पुरता ठरतो आणि दहा दिवसांचे बिल करताना प्रत्येक पावती पुन्हा मोजावी लागते. ती बिलाकडे जात असेल तर पावतीला हात लागत नाही. सर्वसाधारणपणे उत्पादकाला संस्थेतल्या तपासणीवरच पैसे मिळतात आणि प्लँटच्या आकड्याचा हिशेब संस्था आणि प्लँट चालवणारा दूध संघ यांच्यात होतो, त्यामुळे दराकडे जाणारे वाचन खरे ठरले असते तर ती मोठी वेगळी गोष्ट झाली असती. एवढा फरक पडतो म्हणून प्र१ पहिला. प्र३ चे उत्तर काहीही आले तरी प्रणालीत फरक पडत नाही, म्हणून तो शेवटी.

विचारायचे कसे

पूर्ण आकृती पाठवून “बरोबर आहे का पाहा” असे विचारले की उत्तर “हो, बरोबर” असेच येते. समोरचा माणूस स्वच्छ छापील आकृती पाहतो, त्यात ओळखीची नावे दिसतात, आणि लाल रेघ कशासाठी आहे हे पाहायला त्याला सवड नसते. त्याऐवजी मूळ फोटोतला तेवढाच तुकडा कापून, त्यावर लाल गोल करून, एका वेळी एकच प्रश्न पाठवावा. उत्तर आकड्यात देता आले पाहिजे, म्हणजे ते वाटेत, संकलन सुरू असतानाही देता येते. प्र१ साठीचा निरोप असा होता:

“साहेब, प्लँटमधून निघालेली ही निळी रेघ कुठे जाते?
१) दराकडे
२) बिलाकडे
३) यांपैकी नाही, वेगळेच आहे
रेघेखाली ‘दर फ…’ एवढेच वाचता येते. पूर्ण शब्द काय आहे तेही कळवावे.”

तिसरा पर्याय शिष्टाचारासाठी नाही. दोनच पर्याय दिले तर माणूस त्यातल्या त्यात जवळचा निवडतो आणि आपला अंदाज त्याच्या नावावर चढतो. मजकुराबद्दलही आपला तर्क लिहू नये. “दर फॅट आहे ना?” असे विचारले असते तर घाईत होकार मिळण्याचा धोका होता.

उत्तर आले: “२. दिवाळीचा दरफरक आहे तो. संघाकडून येतो.” वर्षभरात घातलेल्या दुधावर संघाकडून दिवाळीच्या सुमारास मिळणारी ही रक्कम बिलातून उत्पादकाला दिली जाते, म्हणून रेघ प्लँटकडून निघून बिलात गेली होती. तिथे पुन्हा तपासणीचा काही संबंधच नव्हता. “फ” हे एकच अक्षर दोन्ही अर्थांना पुरत होते आणि जुन्या आकृतीची खूण चुकीच्या बाजूला बोट दाखवत होती. रेघ दराकडे जोडून पुढे गेलो असतो, तर प्रत्येक पावती नव्याने मोजणारा एक अख्खा विभाग उभा राहिला असता आणि दरफरकासाठी प्रणालीत जागाच नसती.

प्र२ चे उत्तर वेगळ्या प्रकारचे निघाले. पशुखाद्याची उधारी आणि उचल यांची कपात आधी बिलात येते, पण बिलाची रक्कम कमी पडली तर उरलेली कपात पुढच्या दहा दिवसांवर ढकलली जाते, असे सचिवांनी कळवले. म्हणजे त्या एका रेघेत दोन्ही दिशा होत्या. फळ्यावर टोक का नव्हते हे यावरून ठरवता येत नाही आणि त्याची गरजही नाही. आकृतीत मात्र एका रेघेऐवजी दोन बाण झाले, प्रत्येकावर आपापला मजकूर.

उत्तरांची नोंद

उत्तर मिळालेल्या जोडणीला “पक्की” म्हणू नये, तिला चौथी पायरी द्यावी: “सांगितलेली”. पुढे सचिव बदलले किंवा संचालक मंडळात वाद झाला, तर फळ्यावर काय होते आणि कोणी काय सांगितले हे वेगळे दाखवता आले पाहिजे. तक्त्यात उत्तराचे मूळ शब्द आणि तारीख ठेवावी, आकृतीत लाल रंग काढून क्रमांक तसाच ठेवावा. रंगांबद्दलचे अनुमानही याच वेळी विचारून घ्यावे. इथे ते बरोबर ठरले, पण ते विचारायला एकच ओळ लागली आणि त्यावर टेकलेल्या जोडण्यांना आधार मिळाला.

काही प्रश्नांना उत्तर येतच नाही. इथे परत गेलेल्या दुधाच्या वजनाचा प्रश्न बराच काळ तसाच राहिला, कारण ते वजन रोज कोणीतरी हाताने खोडत होते आणि त्याबद्दल बोलावे असे कोणालाच वाटत नव्हते. अशा वेळी त्या भागाला न भिडणारे काम पुढे न्यावे: संकलन, दर आणि पावती यांचा साधा मार्ग पूर्ण पक्का होता, तो बांधता आला. नापास दुधाच्या नोंदीला प्रणालीत स्वतंत्र खूण ठेवली, जी दरापर्यंत पोहोचते पण रक्कम मोजत नाही, आणि आकृतीत तिच्या जागी लाल प्रश्नचिन्ह ठेवले. पुढच्या भेटीत प्रणालीचा तो पडदा समोर उघडून त्या खुणेवर बोट ठेवल्यावर काट्यावर बसणाऱ्या माणसाने लगेच सांगितले की परत गेलेल्या दुधाची वेगळी वही आहे आणि ती महिनाअखेरीस सचिवांकडे जाते. त्या वहीसाठी आकृतीत बारावी चौकट आली. फळ्यावर ती कधीच नव्हती, म्हणून तिची कड वेगळ्या रंगात ठेवली आणि तिच्याकडे जाणाऱ्या बाणावर “सांगितलेली” असे लिहिले.